‘गावाचा आवाज’ नको : एका टॅगलाइनची चिरफाड

मागच्या महिन्यात एका मित्राने रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर सहा ओळी पाठवल्या. खाली लिहिलं होतं, ‘यातली एक निवड. पेंटर बोर्डासाठी थांबलाय.’ तो आणि त्याची संस्था मंगळवेढा तालुक्यात सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू करायच्या खटपटीत आहेत. परवाना अजून हातात नाही, पण बोर्डाचं माप घेऊन झालंय. आपल्याकडे असंच असतं.

त्या सहांपैकी चार ओळींत ‘आवाज’ होता. ‘गावाचा आवाज, मनाचा साज’ ही पहिली. मग ‘तुमचा आवाज, तुमची ओळख’, ‘मातीतला आवाज’, ‘आवाज जनतेचा, अभिमान तालुक्याचा’. उरलेल्या दोनांत मातीचा गंध होता. मी त्याला ‘उद्या सांगतो’ म्हणालो आणि तीन आठवडे घेतले, कारण माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण नेमकं याच प्रश्नावर अडलंय : लहान भागातली लहान बातमी ऐकणाऱ्याला महत्त्वाची वाटावी यासाठी रेडिओ भाषेतून काय करतो? मी त्याला शेवटी जे सांगितलं, ते इथे सविस्तर मांडतो.

आधी एक साधी गोष्ट. टॅगलाइन बोर्डासाठी नसते. बोर्ड केंद्रासमोरून जाणाराच वाचतो. रेडिओवर ती केंद्राच्या नावाला चिकटून येते : ‘आपण ऐकताय अमुक अमुक, ९०.४’, आणि त्यानंतर ती ओळ. दिवसाला आठ तास प्रसारण आणि दर अर्ध्या तासाला एकदा नाव घ्यायचं असं धरलं, तर दिवसाला सोळा वेळा, वर्षाला साधारण पाच हजार आठशे वेळा. इतक्या वेळा कानावर पडणारी ओळ सुंदर असून भागत नाही. तिच्या आधी आणि नंतर जे येतं त्याच्याशी तिचं जमलं पाहिजे. म्हणून मी पहिली परीक्षा ही घेतो की, ओळ म्हणायची आणि लगेच एक खरीखुरी सूचना वाचायची. करून बघा :

‘गावाचा आवाज, मनाचा साज. या आठवड्यात शेतीपंपांची थ्री फेज लाईट रात्री राहील.’

हसू आलं ना? ज्या माणसाला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचंय, त्याच्यासाठी ही दिवसातली सगळ्यात मोठी बातमी आहे. आणि तिच्या अगदी आधी आपण ‘साज’ म्हणालो. साज हा शब्द येतो लावणीतून, दागिन्यांतून, भावगीतांच्या कार्यक्रमांच्या पोस्टरवरून. त्याने ऐकणाऱ्याला सांगितलं की आता करमणूक आहे, आणि पुढची सूचना करमणुकीच्या पोटात गेली. टॅगलाइनने बातमी मोठी केली नाहीच, उलट एक पायरी खाली उतरवली.

‘आवाज’ या शब्दावर माझा राग थोडा वेगळा आहे. ‘तुमचा आवाज’ म्हणताना बोलणारा कोण असतो? केंद्र. म्हणजे केंद्र ऐकणाऱ्याला सांगतंय की तुला आवाज नव्हता, आम्ही दिला. मंगळवेढ्याच्या बाजारात पाच मिनिटं उभं राहून बघा, आवाज नाही असं कोणाबद्दल म्हणता येईल का ते. तिथल्या माणसाला बोलता येतं. अडचण एवढीच की त्याचं बोलणं तीन गावांपलीकडे पोचत नाही, आणि पोचलं तरी ते ‘बातमी’ धरलं जात नाही. तालुक्यातलं गाव पेपरात येतं ते अपघात झाला, मंत्री आला किंवा कोणी जीव दिला तर. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला म्हणून चार वस्त्यांची पोरं शाळेत गेली नाहीत, हे त्या मापात बसत नाही. म्हणजे कमतरता आवाजाची नाही, मापाची आहे. टॅगलाइनला काही करायचंच असेल तर हे माप बदलायचं आहे.

थोडं मागे जाऊ. आकाशवाणीचं ब्रीदवाक्य सगळ्यांना माहीत आहे, ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’. त्याचं व्याकरण बघा. दोन्ही शब्द चतुर्थीत आहेत, म्हणजे ‘च्यासाठी’. बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी. हे वाक्य थोर आहेच, पण त्यात बहुजन कुठेही कर्ता नाही. कोणीतरी वरून त्यांच्यासाठी काही करतंय. खासगी एफएम आले आणि ‘बजाते रहो’ सारखी ओळ आली. तिथे क्रियापद आहे, जोर आहे, पण गाव नाही, जिल्हा नाही. तीच ओळ कोणत्याही शहरात चालते, आणि ती तशी चालावी म्हणूनच केलेली आहे. सामुदायिक केंद्राला दोन्ही परवडत नाहीत. त्याला ऐकणारा कर्ता म्हणून हवा आणि जागा नेमकी हवी.

याचं चांगलं उदाहरण मला टॅगलाइनमध्ये न सापडता नावांमध्ये सापडलं. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात की उमरगा, हुमनाबाद मागे टाकून जहीराबाद लागतं. त्याच्याजवळ माचनूर नावाचं गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं ‘संघम रेडिओ’ १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झालं. ते चालवतात गावोगावच्या दलित बायका. ‘संघम’ हे त्यांच्या गावातल्या बायकांच्या गटाचं नाव. परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षं या बायका कार्यक्रम टेपवर रेकॉर्ड करून गटाच्या बैठकीत ऐकवायच्या. म्हणजे प्रक्षेपण नव्हतं तेव्हाही ‘संघम’ होता आणि ऐकणं होतं. त्यामुळे त्या नावाला वेगळी टॅगलाइन लागतच नाही. नाव घेतलं की कोणाचं केंद्र ते कळतं.

दुसरं आपल्या शेजारचं. म्हसवडचं ‘माणदेशी तरंग वाहिनी’, ९०.४, सुरुवात २००८. माणदेशी महिला बँक ज्यांनी उभी केली त्या चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनचं हे केंद्र. ‘तरंग वाहिनी’ हा भाग मला सरकारी वाटतो, पण ‘माणदेशी’ हा शब्द जबरदस्त आहे. माणदेश कोणत्याही सातबाऱ्यावर नाही, कोणत्याही जिल्ह्याचं ते नाव नाही. साताऱ्यातलं माण, सांगलीतलं आटपाडी, आपलं सांगोला असं तीन जिल्ह्यांत विभागलेलं ते एक कोरडं रान आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं तेव्हापासून या विशेषणाला एक वजन आहे. शासनाने तीन तुकडे केलेला भाग हे नाव पुन्हा एका ओळीत आणतं. सांगोल्यातल्या डाळिंबवाल्याला आणि म्हसवडच्या मेंढपाळाला ‘आपण एकाच बातमीचे गिऱ्हाईक’ असं वाटायला लावतं. टॅगलाइनकडून मला हेच काम हवंय.

पण यातच एक गोम आहे, आणि ती वीजशास्त्राची आहे. सामुदायिक रेडिओला नियमाने सर्वसाधारणपणे १०० वॅट इतकीच प्रक्षेपण शक्ती मिळते, आणि अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत. सपाट माळावर त्यातून दहा ते पंधरा किलोमीटर निघतात, मध्ये डोंगर आला की त्याहून कमी. म्हसवड ते सांगोला हे अंतर सरळ रेषेतही चाळीस किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे नाव माणदेशाचं, लहर म्हसवडच्या आसपासची. नावाच्या बाबतीत हे चालतं, कारण नाव हे नातं सांगतं. टॅगलाइनच्या बाबतीत मी एवढी सूट देणार नाही. टॅगलाइन हे वचन असतं, आणि ‘अभिमान तालुक्याचा’ म्हणणारं केंद्र तालुक्याच्या टोकाला ऐकूच येत नसेल तर ते वचन रोज सोळा वेळा मोडतं.

मी वहीत बारा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. साधारण साडेचारशे चौरस किलोमीटर भरलं. या एवढ्या जागेला मराठीत काही नाव आहे का, असा विचार करत बसलो होतो. उत्तर माझ्या खिडकीतूनच दिसत होतं. समोरच्या खांबावर जत्रेचा फ्लेक्स होता, खाली लिहिलेलं : ‘समस्त ग्रामस्थ व पंचक्रोशी’.

पंचक्रोशी म्हणजे पाच कोसांचा परिसर. कोस भागाभागात वेगळा मोजला जायचा, पण ढोबळ दोन मैल धरला तर पाच कोस म्हणजे सोळा किलोमीटर. १०० वॅटची लहर चांगल्या दिवशी जिथवर जाते तिथवरच. मला मान्य आहे की हा योगायोग आहे. पण तो अगदीच आंधळा नाही. पाच कोस म्हणजे सकाळी निघून बाजार करून, पाहुण्याकडे जाऊन, संध्याकाळपर्यंत घरी येता येईल असा टापू. सोयरिकी तिथे होतात, जत्रेला माणूस तिथून येतो, मयताला निरोप तिथवर जातो. ‘आमच्याकडे लाईट नाही, तुमच्याकडे?’ हा प्रश्न त्याच टापूत विचारला जातो.

आणि हा शब्द लहान नाही, हे महत्त्वाचं. ‘गाव’ म्हटलं की शहरी कानाला गोड वाटतं, बिचारं वाटतं. ‘पंचक्रोशी’ म्हटलं की वजन येतं. ‘पंचक्रोशीत नाव आहे त्याचं’ हे आपल्याकडे मोठं प्रशस्तिपत्र आहे. पेपरचा तालुक्याचा वार्ताहरसुद्धा घटना गंभीर असली की ‘पंचक्रोशीत हळहळ’ लिहितो. म्हणजे स्थानिक असणं आणि महत्त्वाचं असणं या दोन गोष्टी एकत्र सांगणारा शब्द भाषेत आधीच आहे, आपण उगाच मातीच्या गंधामागे लागलो होतो.

मग मी ओळ केली : ‘पंचक्रोशीला कळालं पाहिजे.’

अकरा अक्षरं, दोन-अडीच सेकंद. आता पहिली परीक्षा पुन्हा : ‘पंचक्रोशीला कळालं पाहिजे. या आठवड्यात शेतीपंपांची थ्री फेज लाईट रात्री राहील.’ बसलं. ‘पंचक्रोशीला कळालं पाहिजे. उजनीच्या कालव्याचं आवर्तन सोमवारपासून.’ बसलं. ‘पंचक्रोशीला कळालं पाहिजे. अमुक वस्तीवरच्या आजी आज जात्यावरची ओवी म्हणणार आहेत.’ हे तर मला सगळ्यात आवडलं, कारण ‘कळालं पाहिजे’ने ओवीलासुद्धा बातमीचा दर्जा दिला. बोलणारी महत्त्वाची आहे असं कुठेही न सांगता.

गेल्या रविवारी मंगळवेढ्याच्या बाजूला मामीकडे गेलो होतो. तिला दोन ओळी ऐकवल्या, आधी ‘गावाचा आवाज, मनाचा साज’. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, ‘चांगलंय की. पिक्चरचं हाय का?’ मग दुसरी म्हटली. ती थांबली आणि विचारलं, ‘काय कळालं पायजे? काय झालं?’

संशोधन म्हणून एका मामीला काही किंमत नाही, माझे मार्गदर्शक हे वाचतील तर फोन येईल. पण ‘काय झालं?’ ही प्रतिक्रिया मी विसरू शकत नाही. पहिल्या ओळीने तिला प्रेक्षक केलं, दुसरीने बातमी विचारायला लावलं.

इथे थांबता आलं असतं, पण ओळीत दोष आहेत आणि तेही सांगायला हवेत. सगळ्यात मोठा दोष कायद्याचा आहे. सामुदायिक रेडिओला स्वतः गोळा केलेल्या बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या घेता येतात. बाकी काही विषय ‘बातमी नाही’ असं म्हणून मोकळे सोडलेत : हवामान, रस्ते-वाहतूक, जत्रा-उत्सव, परीक्षा आणि निकाल, नोकरीच्या जागा, वीज-पाणी, आपत्ती, आरोग्याच्या सूचना. पण वीज-पाण्याच्या सूचना कशा? स्थानिक प्रशासनाने दिल्या तशा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं, तरी त्या लहरीवरून ‘आमच्या वस्तीवर आठ दिवस टँकर आला नाही’ ही बातमी केंद्राला स्वतःहून देता येत नाही. ‘टँकर उद्या दहाला येईल’ हे देता येतं. आला नाही तर काय, ते नियमात नाही.

आता ‘कळालं पाहिजे’ ही ओळ या कुंपणाजवळ नेऊन ठेवा. ‘पाहिजे’ मागणी करतं. ते ऐकून बाई केंद्रावर येणार आणि म्हणणार, टँकरचं सांगा. केंद्र काय करणार? माझ्या वाचनानुसार, बातमी म्हणून ते देता येणार नाही, पण पाण्यावरच्या कार्यक्रमात ती बाई स्वतः बसून आपल्या घरात हंडा कसा पुरवते हे सांगू शकते. आरोप नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही, फक्त घरातला हिशेब. ही वाट अरुंद आहे. शिवाय प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं, त्यामुळे कोणी तक्रार केली तर रेकॉर्डिंग समोर असतं. मित्राला मी स्पष्ट म्हणालो, ही ओळ घेतलीस तर पाण्याचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा तरी ठेवावाच लागेल, नाहीतर ओळ खोटी पडेल. ‘मनाचा साज’ कधीच खोटा पडत नाही, कारण तो काही बोलतच नाही. बऱ्याच संस्था तसली ओळ निवडतात त्याचं हेही एक कारण असावं असा मला संशय आहे.

दुसरा दोष त्या शब्दातच आहे. फ्लेक्सवरच्या ‘समस्त पंचक्रोशी’त कोणाकोणाचे फोटो असतात ते आठवा. गावकुसाबाहेरची वस्ती, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, मेंढरांमागे फिरणारी माणसं, आणि कोणत्याही घरातली बाई, यांचे फोटो शोधावे लागतात. ‘पंचक्रोशीला कळालं पाहिजे’ हे वाक्य सरपंचाच्या आवाजात म्हटलं तर तो हुकूम होतो. दवंडीच. म्हणून ओळ कोण म्हणतं यावर तिचा अर्थ ठरेल. संघम रेडिओकडून घ्यायचं ते हे. मी सुचवलं की स्टुडिओतल्या एका खणखणीत आवाजात रेकॉर्ड करू नका. तीस-चाळीस जणांकडून म्हणवून घ्या, वस्तीवर जाऊन, आणि रोज आवाज बदला. सोळा वेळा सोळा माणसं. टॅगलाइनमधून ‘आवाज’ शब्द काढला की खरे आवाज ठेवायला जागा होते.

तिसरा मुद्दा भाषेचा. मित्राची पहिली शंका होती, ‘कळालं’ की ‘कळलं’? आणि ‘पाहिजे’ की ‘पायजे’? बोर्डावर ‘पंचक्रोशीला कळालं पायजे’ लिहिलं तर जास्त आपलं वाटेल, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हणालो. बोली लिहून दाखवली की ती नक्कल होते. सिनेमाने आणि शहरी एफएमने गावाकडची बोली विनोदासाठी इतकी वापरली आहे की ‘पायजे’ वाचलं की वाचणारा हसायच्या तयारीत बसतो. त्याहून वाईट म्हणजे टॅगलाइन गावरान आणि सूचना मात्र पुण्याच्या मराठीत, असं झालं तर केंद्राने न बोलता सांगितलं की गंमत तुमच्या भाषेत, कामाचं आमच्या भाषेत. म्हणून लिहिताना ‘पाहिजे’, बोलताना ज्याच्या तोंडात जे येईल ते. ‘कळालं’ मात्र ठेवायचं, ते आपल्याकडे शिकलेलेही म्हणतात. आणि दक्षिणेकडच्या गावांत घरात कन्नड बोलणारे ऐकणार असतील तर त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतली ओळ त्यांनीच करून घ्यावी. मी भाषांतर करून दिलेली ओळ तिथे चालणार नाही, माझं कन्नड ‘ऊटा आयता’च्या पुढे गेलेलं नाही.

मित्राने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, कमिटीतल्या दोघांना ‘पंचक्रोशी’ जुनाट वाटतंय, तरुण पोरं नाक मुरडतील. असेल. मी म्हटलं, कमिटीत बसून ठरवू नका. पिठाच्या गिरणीत, चक्की चालू असताना, मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही ओळी वाजवा. मागून विचारा की काय ऐकलं. तिथे ‘साज’चं ‘आज’ होतं का आणि ‘पंचक्रोशी’ शाबूत राहते का, ते कळेल. पोरांनाही तिथेच विचारा, दळण घेऊन तीच येतात हल्ली.

काल त्याचा मेसेज आला. गिरणीत ‘पंचक्रोशी’ नीट ऐकू आलं, ‘कळालं’ अर्ध्या लोकांना ‘काळं’ ऐकू आलं. आता तो विचारतोय, ‘ळ’वर जोर देऊन म्हणायला सांगू का. मी म्हटलं, सांगू नकोस. आधी मामीच्या वस्तीवर रेकॉर्ड करून आण, मग बघू.